एकोणीसशे सालचा फेब्रुवारी

एका माणसाच्या जन्मवाराचा हिशेब मी चुकवला. ती चूक मला अकरा वर्षांनी कळली. मधल्या काळात त्या माणसाचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

मी तेव्हा यशवंतपूरजवळच्या एका सरकारी कारखान्यात आस्थापना विभागात कारकून होतो. वय तेवीस. आमचं घर शिवाजीनगरात, बाजाराच्या मागच्या गल्लीत. आमच्या घराण्याला बेंगळुरात किती पिढ्या झाल्या हे कुणालाच नीट सांगता येत नसे. घरात मराठी बोलायचो, पण तिच्यात कानडी इतकं मिसळलेलं होतं की पुण्याहून कुणी पाहुणा आला तर तो आमच्या तोंडाकडे बघत राही. कारखान्यात मात्र मराठीचा काही संबंध नव्हता. तिथे कानडी, तमिळ आणि कागदावर इंग्रजी.

त्या कारखान्यात नकाशांच्या विभागात एक वडीलधारे गृहस्थ होते. तेही आमच्यातलेच. मूळ घर आनेकलचं, पण राहायला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये. सगळे त्यांना अण्णा म्हणत, मीही म्हणत असे. यंत्राच्या सुट्या भागांचे नकाशे ते काढायचे. त्यांच्या पेन्सिलीची रेघ ओळखू येते असं कारागीर म्हणत. बोलायला कमी. दुपारच्या सुट्टीत डबा न खाता घरी जात, कारण बायको आजारी होती. तिच्या हृदयाला काही झालं होतं आणि कारखान्याच्या दवाखान्यात तिच्यावर उपचार चालू होते. तिला सगळे अक्का म्हणत. त्यांना मूलबाळ नव्हतं.

नोकरीतून निवृत्त व्हायचं वय तेव्हा पंचावन्न होतं. अण्णांच्या सेवापुस्तकात जन्मतारीख होती एक जुलै अठराशे अठ्ठ्याण्णव. म्हणजे त्रेपन्न सालच्या जूनअखेर त्यांना जावं लागणार होतं. पण ती तारीख खरी नव्हतीच. वीस साली ते लागले तेव्हा त्यांच्याकडे दाखला नव्हता. समोरच्या साहेबानं चेहरा बघून बावीस वर्षं असं लिहिलं, आणि नुसतं साल माहीत असेल तर एक जुलै धरायची असा नियम असल्यामुळे ती तारीख पडली. अशा एक जुलैच्या माणसांनी आमची कपाटं भरलेली होती.

बावन्नच्या शेवटी अण्णांचे थोरले भाऊ आनेकलला वारले. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत अण्णांची जन्मपत्रिका निघाली. ती वडिलांनी स्वतः लिहिलेली होती. अण्णांनी ती अर्जाला जोडली आणि तारीख दुरुस्त करून मागितली. पत्रिकेप्रमाणे त्यांचा जन्म सोळा नोव्हेंबर अठराशे नव्याण्णवचा. मान्य झालं असतं तर साडेसोळा महिने नोकरी वाढली असती. क्वार्टर राहिलं असतं आणि दवाखानाही.

अर्ज माझ्या टेबलावर आला, कारण पत्रिका मराठीत होती आणि ती वाचू शकणारा विभागात मी एकटाच होतो. आमचे अधीक्षक कडक होते, वाईट नव्हते. त्याच वर्षी दोन खोटे दाखले पकडले गेले होते, म्हणून ते सावध होते. ते मला कानडीत म्हणाले की हा तुमच्यातला माणूस आहे, म्हणून कागद जास्तच डोळे उघडे ठेवून बघ. त्यांना एवढंच म्हणायचं होतं. पण ते वाक्य माझ्या अंगात शिरलं. मी आपल्या माणसाची बाजू घेतो असं कुणी म्हणू नये, याची मला त्या दिवसापासून काळजी लागली.

पत्रिका पिवळी पडलेली होती. शके अठराशे एकवीस, विकारी नाम संवत्सर, कार्तिक शुद्ध चतुर्दशी, गुरुवार, सूर्योदयानंतर चार घटका. खाली त्याच हातानं इंग्रजी तारीख, कारण वडील लष्कराच्या छावणीत लेखनिक होते आणि त्यांना इंग्रजी तारखांची सवय होती. कागद जुना होता, शाई जुनी होती. पण जुना कागद कुठेही मिळतो, असं मी मनाशी म्हटलं. खोटी पत्रिका लिहिणारा माणूस तारीख हवी ती घालील, पण वाराचा मेळ घालायचं त्याला सुचणार नाही. वार तपासला की खरं-खोटं बाहेर येईल. ही कल्पना मला फार हुशारीची वाटली.

मी भिंतीवरचं गेल्या सालचं कॅलेंडर काढलं. बावन्नच्या सोळा नोव्हेंबरला रविवार होता. तिथून मागे त्रेपन्न वर्षं जायचं. साध्या वर्षात बावन्न आठवडे आणि एक दिवस, म्हणून दर वर्षाला वार एकानं सरकतो. लीप वर्षाचा एकोणतीस फेब्रुवारी मध्ये आला तर दोननं. म्हणजे त्रेपन्न अधिक मधली लीप वर्षं. चारानं भाग जातो ती मी एका रेघेत लिहिली. एकोणीसशे, एकोणीसशे चार, आठ, बारा, असं करत बावन्नपर्यंत. चौदा झाली. त्रेपन्न आणि चौदा सदुसष्ट. साताचे नऊ आठवडे काढले, उरले चार. रविवारापासून चार दिवस मागे गेलो तर बुधवार.

पत्रिकेत गुरुवार होता.

मी दोनदा मोजलं. दोन्ही वेळा बुधवारच आला. मला आनंद झाला हे लिहायला लाज वाटते, पण झाला होता. मी काहीतरी पकडलं होतं. आमच्या ओळखीत एक जोशी होते, त्यांच्याकडे जुन्या पंचांगांची चळत होती. त्या सालचं पंचांग उघडून कार्तिकातली चतुर्दशी कुठल्या वारी होती ते अर्ध्या तासात कळलं असतं. हे मला तेव्हाही सुचलं होतं. पण जोशीबुवांकडे गेलो असतो तर अण्णांच्या बाजूनं खटपट करतोय असं दिसलं असतं, आणि गणित तर समोर होतं. मी गेलो नाही.

माझ्या टिपणात मी लिहिलं की पत्रिकेतील वार व तारीख जुळत नाहीत, सबब पत्रिका विश्वसनीय नाही. अधीक्षकांनी आकडेमोड वरवर बघितली. चारानं भाग गेला की लीप वर्ष, एवढंच त्यांनाही माहीत होतं. त्यांनी सही केली.

अण्णांना बोलावून सांगायचं काम साहेबांनी माझ्यासमोरच केलं. अण्णा उभे होते. वार चुकलाय हे त्यांनी ऐकून घेतलं. माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "गुरुवार चुकीचा कसा असेल? माझ्या जन्माचा वार म्हणून आई मरेपर्यंत गुरुवारचा उपास करत होती."

मी त्यांना आकड्यांचा कागद दाखवला. ते नकाशे काढणारे होते, आकड्यांना मान देणारे. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि टेबलाच्या कोपऱ्यावर वाकून सगळं पुन्हा केलं. चारानं भाग जाणारी वर्षं त्यांनी माझ्यासारखीच एकेक करून मोजली. तीही चौदाच आली. पेन्सिल त्यांनी खिशात परत ठेवली.

"सरी," ते कानडीत म्हणाले, म्हणजे ठीक आहे. "आकडे बरोबर आहेत."

पत्रिका त्यांना परत दिली. ती त्यांनी घडी न करता हातातच धरून नेली.

जूनअखेर ते निवृत्त झाले. निरोपाच्या चहाला मी होतो, पण त्यांच्याजवळ गेलो नाही. सेवापुस्तकात शेवटी शेरा पडला की जन्मतारखेच्या पुष्ट्यर्थ सादर केलेला कागद खोटा आढळला. निवृत्ती आधीच ठरलेली होती, त्यामुळे शिक्षा झाली नाही. पण नकाशांच्या विभागात ही बातमी पसरली. तेहतीस वर्षं एकही चुकीची रेघ न काढलेला माणूस जाता जाता खोटा कागद देऊन गेला, असं लोक म्हणाले. कुणी हसून म्हणालं, कुणी वाईट वाटून. त्यांच्या जागी आलेल्या माणसानं त्यांचा स्टूल वापरायला सुरुवात केली.

ते दोघं आनेकलला भावाच्या घरी गेले. अक्का पुढच्या वर्षी, थंडीत गेली. आनेकलला तेव्हा हृदयाचा डॉक्टर नव्हता आणि बसनं शहरात येऊन मोठ्या इस्पितळात रांगेत बसायचं तिच्यानं होत नव्हतं. आमच्या घरी बातमी माझ्या आईनं सांगितली. ती त्यांच्या समाचाराला जाऊन आली. मला म्हणाली, तू पण जाऊन ये रे, एका कारखान्यातले होता तुम्ही. मी कामाचं निमित्त सांगितलं. खोटा कागद देणाऱ्याबद्दल मला मनात थोडा रागही होता. आपण कठोर वागलो तर समोरचा तसाच होता असं मानणं सोपं जातं.

मग वर्षं गेली. माझं लग्न झालं, एक बढती झाली, जुने अधीक्षक निवृत्त होऊन म्हैसूरला गेले.

चौसष्ट साली कारखान्यात भोकं पाडलेल्या कार्डांवर चालणारी यंत्रं येणार असं ठरलं. सगळ्यांची सेवापुस्तकं कार्डांवर घ्यायची, म्हणजे कोण कधी निवृत्त होणार ते यंत्रच सांगेल. आमच्यातल्या सहा जणांना शिकवायला मद्रासहून एक तरुण इंजिनिअर आला. सभागृहात सकाळी दहाला वर्ग भरत असे. तिसऱ्या दिवशी त्यानं दोन तारखांमधले दिवस मोजायचं उदाहरण घातलं. तो म्हणाला की यंत्राला वर्षं एकेक मोजत बसवू नका. दोन सालांमध्ये किती लीप वर्षं येतात ते भागाकारानं काढा.

फळ्यावर त्यानं नियम लिहिला. साल चारानं भागायचं आणि शिल्लक टाकून द्यायची. शंभरानं भागून जे येईल ते त्यातून वजा करायचं. चारशेनं भागून जे येईल ते पुन्हा मिळवायचं. त्या सालापर्यंतची लीप वर्षं तेवढी. दोन्ही सालांसाठी हे करून एकातून दुसरं वजा केलं की मधली निघतात. कारणही त्यानं सांगितलं. वर्ष तीनशे पासष्ट आणि पाव दिवसाचं धरतात, पण ते पाव दिवसाहून किंचित कमी असतं. दर चार वर्षांनी एक दिवस घालत गेलं तर चारशे वर्षांत तीन दिवस जास्त होतात. म्हणून शतकाची वर्षं गाळायची, आणि चारशेनं भाग जाणारं तेवढं ठेवायचं.

"सोळाशे होतं," तो म्हणाला. "दोन हजार असेल. सतराशे, अठराशे, एकोणीसशे नव्हती."

माझी लेखणी थांबली. शेजारच्याला वाटलं मला समजलं नाही, त्यानं आपली वही माझ्याकडे सरकवली.

मला अण्णांची तारीख पाठ होती हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. वहीच्या मागच्या पानावर मी मांडलं. एकोणीसशे बावन्नला चारानं भागून चारशे अठ्ठ्याऐंशी, वजा एकोणीस, अधिक चार, चारशे त्र्याहत्तर. अठराशे नव्याण्णवला चारशे चौऱ्याहत्तर, वजा अठरा, अधिक चार, चारशे साठ. वजाबाकी तेरा. चौदा नाही, तेरा. त्रेपन्न आणि तेरा सहासष्ट. साताचे नऊ आठवडे गेले, उरले तीन. रविवारापासून मागे शनिवार, शुक्रवार, गुरुवार.

संध्याकाळी कामावरून सुटल्यावर मी जोशीबुवांच्या घरी गेलो. ते वारले होते, पण मुलानं पंचांगं जपून ठेवली होती. शके अठराशे एकवीसचं काढायला त्याला थोडा वेळ लागला. कार्तिक शुद्ध चतुर्दशी, गुरुवार. त्यानं विचारलं की कुणाची पत्रिका करायची आहे का. मी नाही म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी नव्या अधीक्षकांना सगळं लिहून दिलं. चूक माझी होती हेही लिहिलं. त्यांनी ते शांतपणे वाचलं. ते म्हणाले की माणूस अकरा वर्षांपूर्वी निवृत्त झाला, अर्जाची फाईल मुदत संपून नष्ट झाली, मूळ पत्रिका आपल्याकडे नाही, आता काय दुरुस्त करायचं? निदान तो शेरा खोडा, मी म्हणालो. शेरा खोडायला ज्या कागदावर तो मारला तो कागद पुन्हा तपासावा लागेल, ते म्हणाले. ते मला टाळत नव्हते, नियमच तसा होता. पत्रिका असेल तर घेऊन या, आपण वर पाठवू, एवढं त्यांनी कबूल केलं.

रविवारी सकाळी मी आनेकलची बस धरली. वाटेत नाचणीची कापणी झालेली शेतं होती. मी खिशातला कागद चाचपत होतो. त्यावर दोन्ही हिशेब स्वच्छ अक्षरात लिहिले होते. काय बोलायचं ते ठरवत होतो आणि प्रत्येक वाक्य मोडत होतो.

घर सापडायला त्रास झाला नाही. अण्णा पडवीत बाकावर बसले होते. पासष्टीला आले होते, पण मला जास्त म्हातारे वाटले. डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा होता. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी ओळखलं आणि बस म्हणाले. पुतण्याच्या बायकोनं पाणी आणून दिलं आणि ती आत गेली.

मी प्रस्तावना न करता सांगितलं. एकोणीसशे साल लीप वर्ष नव्हतं. वार गुरुवारच होता. पत्रिका खरी होती.

त्यांनी हात पुढे केला. मी कागद दिला. चष्मा वर करून, कागद डोळ्यांजवळ नेऊन ते वाचू लागले. शंभरचा नियम काय, ते त्यांनी विचारलं. मी समजावलं. मग त्यांनी ओठ हलवत स्वतः भागाकार केले, बोटांवर, सावकाश. चारशे त्र्याहत्तर. चारशे साठ.

"तेरा," ते म्हणाले.

"हो, अण्णा."

मी पत्रिका मागितली. ती मिळाली तर शेरा खोडता येईल, साहेबांनी कबूल केलंय, असं घाईघाईनं सांगितलं. त्यांनी चष्मा खाली घेतला.

"पत्रिका नाही आता. त्याच दिवशी जाळली मी. घरी गेलो आणि पाणी तापवायच्या चुलीत घातली."

ते पुढे बोलत राहिले. त्यांचा आवाज चढला नाही. ते म्हणाले की नोकरीचं दुःख मी कधीच सोडून दिलं होतं. पण त्या दिवशी टेबलावर मी स्वतः मोजलं आणि माझाही बुधवारच आला. मग माझ्या मनात आलं की बाबांनीच खोटं लिहिलं. भाऊ मोठा, तो हुशार. माझ्या पत्रिकेत चांगले ग्रह यावेत म्हणून बाबांनी दिवस बदलला असेल. आईला फसवलं आणि ती बिचारी भलत्याच वारी उपाशी राहिली.

"अकरा वर्षं मी बाबांचं श्राद्ध केलं नाही," ते म्हणाले. "भावाच्या मुलानं विचारलं तर म्हणालो, देव मानत नाही आता. हिला पण तेच सांगितलं. ती मरताना म्हणत होती, एवढ्यासाठी वडिलांवर रागावू नका. तिला वाटत होतं वार चुकूनही लिहिला जातो. मी म्हणालो, माझे बाबा चुकून लिहिणारे नव्हते."

मी त्यांची क्षमा मागितली. शब्द आठवत नाहीत. पाया पडायला वाकलो तेव्हा त्यांनी पाय मागे घेतले, रागानं नव्हे, सवयीनं घ्यावेत तसे.

"तू एकट्यानं नाही चुकलास," ते म्हणाले. "मी पण मोजलं होतं. आईचं ऐकायचं सोडून मी आकडे ऐकले."

मग त्यांनी तो कागद ठेवून घेऊ का असं विचारलं. मी हो म्हटलं. परत निघताना म्हणालो की मी अधूनमधून येत जाईन. त्यांनी मान हलवली. "नको. तू वाईट नाहीस रे. पण तू आलास की मला ते टेबल दिसेल."

मी पुन्हा गेलो नाही. पोस्टानं दोन पत्रं पाठवली, त्यांना उत्तर आलं नाही. शेऱ्यासाठी मी जोशांच्या पंचांगाची नक्कल जोडून आणखी एक अर्ज वर पाठवला. मूळ कागदाअभावी विचार करता येत नाही असं उत्तर सात महिन्यांनी आलं. त्यानंतर सेवापुस्तकं कार्डांवर उतरली. कार्डावर शेऱ्यांना जागा नव्हती. फक्त जन्मतारीख होती, तीही नोकरीत असलेल्यांची.

अण्णा सहासष्ट साली गेले. पुतण्या आमच्या गल्लीत कुणाकडे तरी आला होता, त्याच्याकडून कळलं. शेवटची दोन वर्षं काका पितृपक्षात आजोबांचं श्राद्ध करू लागले होते, असं तो सहज बोलता बोलता म्हणाला. काय झालं कुणास ठाऊक, म्हातारपणी देव आठवला असेल. घरात सगळ्यांना आश्चर्य वाटलं होतं. भटजींना ते दरवेळी अकरा वर्षांचं राहिलंय असं सांगत आणि भटजी म्हणत की मागचं असं भरून काढता येत नाही, यंदाचं तेवढं करू.

मी त्याला काही सांगितलं नाही. तो चहा पिऊन गेला.